रिकामा त्रिकोण आणि पिवळा पीतांबर



गो या खेळाबद्दल मी इथे अधूनमधून लिहीत असतो. त्यावर पुण्याच्या भाचीने फोनवर सांगितलं, "मामा, तुमचं ते गोचं लिखाण वाचते, पण निम्मं डोक्यावरून जातं." म्हणून आज एकच मुद्दा घेतो आणि तो पहिल्यापासून सांगतो. मुद्दा छोटा आहे, पण त्यावरून आमचे रोह्याचे सर आणि मी यांच्यात गेले काही महिने वाद चालू आहे, आणि माझं म्हणणं एकदा नीट मांडावं असं वाटतं.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी आधी चार ओळी. गो हा मूळ चीनचा खेळ. तो जपान-कोरियात वाढला आणि आता जगभर खेळतात. पटावर १९ उभ्या आणि १९ आडव्या रेघा असतात, म्हणजे छेदनबिंदू झाले ३६१. आपल्या नवकंकरीसारखेच खडे घरात न ठेवता रेघांच्या छेदावर ठेवायचे. एकाकडे काळे, दुसऱ्याकडे पांढरे. एकदा ठेवलेला खडा हलत नाही. ज्याने जास्त जागा वेढली तो जिंकला. खड्याला लागून जे मोकळे बिंदू असतात त्यांना चिनी लोक 'ची' म्हणतात, म्हणजे हवा किंवा श्वास. आम्हीही श्वासच म्हणतो. पटाच्या मध्यावर एकट्या खड्याला चार श्वास असतात. चारही समोरच्याने बुजवले की खडा मेला, तो पटावरून उचलायचा. शेजारी शेजारी ठेवलेले खडे एका साखळीत येतात आणि त्यांचे श्वास सामाईक होतात.

आता वादाचा आकार बघा.

```
+ + + + +
+ ● + + +
+ ● ● + +
+ + + + +
```

तीन खडे काटकोनात आणि चौथा कोपरा रिकामा. याला रिकामा त्रिकोण म्हणतात. जपानी, चिनी, कोरियन तिन्ही भाषांतल्या नावांचा अर्थ हाच. गो शिकवणारा कोणीही पहिल्या दहा धड्यांत सांगतो की हा आकार वाईट, हा टाळा. रोह्याचे सर हा नियम शुद्धलेखनाच्या नियमासारखा पाळतात. पटावर त्रिकोण दिसला की त्यांच्या लेखी एक गुण गेला. माझं म्हणणं असं की हा आकाराचा दोष नाही, खर्चाचा दोष आहे, आणि खर्च हिशेब केल्याशिवाय कळत नाही.

तो वाईट का म्हणतात ते आधी सरळ मोजून पाहू. एकट्या खड्याला चार श्वास, म्हणून तीन सुट्या खड्यांना बारा. दोन खडे एकमेकांना चिकटले की दोघांचाही एकेक श्वास जातो. तीन खडे सरळ ओळीत ठेवले तर असे दोन सांधे होतात, म्हणून चार श्वास गेले आणि आठ उरले. तेच तीन काटकोनात ठेवले तरी सांधे दोनच, पण उरतात सात. एक कुठे गेला? तर तो रिकामा चौथा बिंदू दोन खड्यांचा एकदमच श्वास आहे. दोघे एकाच खिडकीशी उभे आहेत, आणि खिडकी एकदाच मोजायची. खर्च तीन खड्यांचा झाला, पण ओळीपेक्षा एक श्वास कमी आणि पसाराही कमी. चौथा बिंदू आपणच भरला तर आणखी वाईट. चार खडे सरळ ओळीत असतील तर श्वास दहा, चौकोनी ढेकूळ केलं तर आठ. अशा ढेकळाला जपानी खेळाडू 'दांगो' म्हणतात. तो त्यांच्याकडचा तांदळाच्या पिठाचा उकडलेला गोळा. आपल्याकडे मोदक वळून झाल्यावर उरलेल्या उकडीचा जो गोळा राहतो, तसंच काहीसं.

पण एका श्वासाचं नुकसान हा लहान भाग झाला. मोठा भाग जोडणीचा आहे. हे दोन तिरके खडे बघा.

```
+ + + +
+ ● ख +
+ ग ● +
+ + + +
```

हे दोघे चिकटलेले नाहीत, तरी ते जोडलेलेच आहेत. पांढऱ्याने तोडायला 'ख'वर खडा ठेवला तर काळा 'ग'वर ठेवून जोडतो. त्याने 'ग' घेतला तर आपण 'ख' घ्यायचा. तोडायला त्याला दोन्ही बिंदू हवेत आणि खेळी तर एकेकच मिळते. म्हणजे जोडणी आधीच हातात आहे. अशा वेळी कोणी काही केलेलं नसताना काळ्याने आपणहून 'ग'वर खडा ठेवला, तर वरचाच रिकामा त्रिकोण तयार होतो. आणि त्या खड्याने आणलं काय? जे घरात होतं तेच.

मी आयुष्यभर मराठी शिकवलं, म्हणून मला यात लगेच ओळखीचा दोष दिसतो. 'पिवळा पीतांबर'. पीत म्हणजेच पिवळा, मग पुन्हा पिवळा कशाला? 'गाईचं गोमूत्र' तसंच. व्याकरणात याला पुनरुक्ती म्हणतात. 'ग'वरचा तो आगाऊ खडा म्हणजे पटावरची पुनरुक्ती.

तिची किंमतही काढता येते. गोमध्ये काळा पहिला खेळतो, आणि त्या पहिलेपणाच्या फायद्याबद्दल पांढऱ्याला जे गुण आधीच देतात त्यांना कोमी म्हणतात. जपानी पद्धतीत सध्या ते साडेसहा आहेत. म्हणजे सुरुवातीला ज्याची पाळी त्याच्याकडे अंदाजे साडेसहा गुणांची आघाडी धरलेली आहे. तुम्ही पाळी वाया घालवलीत की तुमचे साडेसहा तर गेलेच, वर ती पाळी समोरच्याकडे गेल्याने त्याचे साडेसहा वाढले. फरक झाला तेरा गुणांचा. अगदी निरुपयोगी खेळीचा हा हिशेब आहे. 'ग'वरचा खडा थोडाफार मजबुतीला येतो, म्हणून नुकसान त्याहून काही कमी धरा. पण डाव दोन-तीन गुणांनीसुद्धा सुटतो, हे लक्षात घेतलं तर सर चिडतात ते उगीच नाही.

इथपर्यंत आमचं एकमत आहे. वाद पुढे सुरू होतो.

वरच्याच आकृतीत पांढऱ्याने आधी 'ख'वर खडा ठेवला आणि मग काळ्याने 'ग'वर जोडलं, तर काळ्याचे तीन खडे अगदी त्याच काटकोनात येतात. पण चौथा कोपरा आता रिकामा नाही, तिथे पांढरा आहे. त्याने एक खेळी खर्च केली, आपण एक केली, आणि त्याचा खडा आपल्या कोपरात अडकून चारऐवजी दोनच श्वासांवर उभा आहे. याला कोणी रिकामा त्रिकोण म्हणत नाही. खडे तिथेच आहेत, आकार तोच आहे, आणि तरी एक खेळी उधळपट्टीची तर दुसरी रास्त. मग दोष आकारात आहे असं कसं म्हणायचं?

रोह्याला सरांच्या ओटीवर रविवारी पाच-सहा मुलं गो शिकायला येतात. पुठ्ठ्यावर रेघा ओढलेले पट आणि शर्टाची काळी-पांढरी बटणं. मी पेणहून सकाळच्या दिवा-रोहा गाडीने कासू, नागोठणे, निडी करत जातो आणि संध्याकाळी परत येतो. मागच्या पावसाळ्यात तिथे सातवीतल्या एका मुलीचा डाव मी बघत होतो. तिचे काळे. डाव्या खालच्या कोपऱ्यात तिची अशी स्थिती होती. आकृतीतली डावी कड आणि खालची कड म्हणजे पटाच्याच कडा समजा.

```
+ + + + + + +
○ ○ ○ ○ ○ + +
● क ● ● ● ○ +
+ + ● + ● ○ +
```

पाळी काळ्याची. पांढऱ्याने सगळीकडून कोंडलं आहे. गोमध्ये कोंडलेली साखळी जगायला तिच्या पोटात दोन वेगवेगळ्या मोकळ्या जागा लागतात. त्यांना डोळे म्हणतात. एकच डोळा असेल तर बाहेरचे श्वास बुजवून शेवटी समोरचा त्या डोळ्यात खडा ठेवतो आणि सगळे उचलतो. डोळे दोन असतील तर एका खेळीत दोन्ही बुजवता येत नाहीत, म्हणून साखळी अमर. या मुलीचा एक डोळा तयार होता, खालच्या कडेवर उजवीकडे, पाच खड्यांच्या कमानीत. दुसरा कोपऱ्यात व्हायला हवा होता.

जागा एकच आहे, 'क'. तिथे काळा खडा पडला की दुसरी रांग सलग होते आणि 'क'च्या खालचा बिंदू नि कोपरा मिळून दोन बिंदूंचा डोळा होतो. पांढऱ्याने त्यात कुठेही खडा टाकला तरी तो उचलता येतो. साखळी जगली.

मुलगी बराच वेळ 'क'वर बोट ठेवून बसली, मग बोट उचललं आणि 'क'च्या खाली खडा ठेवला. पांढऱ्याने ताबडतोब 'क' घेतला. आता डाव्या कडेवरचा तिचा खडा तुटला, त्याला श्वास उरला फक्त कोपऱ्याचा. पांढरा हवं तेव्हा कोपऱ्यात खडा ठेवून तो उचलू शकतो, म्हणजे कोपरा डोळा राहिलाच नाही. दिसायला डोळा, पण खोटा. तिने 'क'ऐवजी थेट कोपऱ्यात खडा ठेवला असता तरी हेच झालं असतं. पांढऱ्याने 'क' घेऊन पुढे ते दोन खडे उचलले असते.

मी विचारलं, "अगं, 'क'वर का नाही ठेवलास? बोट तर तिथेच होतं." ती म्हणाली, "तिथे रिकामा त्रिकोण होत होता ना आजोबा. सरांनी सांगितलंय तो करायचा नाही."

आकृती बघा, तिचं निरीक्षण बरोबर होतं. 'क', त्याच्या उजवीकडचा खडा आणि त्या खड्याच्या खालचा खडा असा काटकोन होतो, आणि 'क'च्या खालचा बिंदू रिकामा. तंतोतंत बदनाम आकार. पण तो रिकामा कोपरा इथे वाया गेलेली जागा नसून डोळा आहे. खरं तर गोमधला कुठलाही पक्का डोळा असाच बनतो. पटाच्या अगदी कोपऱ्यातला डोळा तीन खड्यांत होतो, आणि ते तीन खडे म्हणजे एक रिकामा त्रिकोण. कडेवरच्या डोळ्याला पाच खडे लागतात, त्यात एकाच रिकाम्या बिंदूभोवती असे दोन त्रिकोण असतात. मध्यावर सात लागतात, आणि तिथे तीन त्रिकोण. हा आकार सरसकट टाळायचा म्हटलं तर डोळा करायचाच नाही.

या खेळीचीही किंमत काढू, म्हणजे तुलना होईल. 'क' काळ्याने घेतला तर काळ्याला त्या कोपऱ्यात तीन गुण मिळतात, तीन रिकाम्या बिंदूंचे. पांढऱ्याने घेतला तर काळ्याचे सहा खडे मेले. जपानी मोजणीत मेलेल्या खड्याचा एक गुण आणि त्याच्या खालच्या जागेचा एक, म्हणजे सहा खड्यांचे बारा, आणि तीन रिकामे बिंदू, एकूण पंधरा. तीन इकडचे गेले आणि पंधरा तिकडे मिळाले, म्हणजे अठरा गुणांची उलथापालथ. आगाऊ जोडलेल्या त्रिकोणाचं नुकसान फार तर तेरा होतं. इथे तोच आकार अठरा गुण वाचवतो.

मग ओळखायचं कसं? वर्गात पुनरुक्ती ओळखायला मी मुलांना एक सोपी युक्ती सांगत असे. संशयित शब्द काढून टाका आणि वाक्य वाचा. 'पिवळा पीतांबर'मधला 'पिवळा' काढला तर काही बिघडत नाही, म्हणजे तो फुकटचा. पण 'घरोघरी दिवे लागले' यातलं एक घर काढलं तर 'घरी दिवे लागले' उरतं, आणि सगळ्या गावाचे दिवे विझून आपल्या एकट्याच्या घरचे राहतात. शब्द दोनदा आला म्हणून तो दोष होत नाही. काढल्यावर अर्थ बदलत नसेल तर दोष.

गोमध्येही तेच करावं. तिसरा खडा मनातल्या मनात उचला, आणि समोरच्याला त्याची सर्वांत चांगली खेळी खेळू द्या. 'ग'चा खडा उचलला, पांढरा 'ख'वर आला, आपण 'ग' घेऊन जोडलं. काही बिघडलं नाही, तेव्हा तो खडा पिवळा पीतांबर. 'क'चा खडा उचलला, पांढरा 'क'वर आला, सहा खडे मेले. तेव्हा तो घरोघरीतला.

यात एक फसगत होते, तीही सांगतो. पुष्कळ जण खेळी झाल्यावर समोरचा काय करतो ते बघतात. त्याने उत्तरच दिलं नाही आणि दुसरीकडे खेळला, म्हणजे आपली खेळी फुकट गेली असा निष्कर्ष काढतात. पण मुलीने 'क' घेतला असता तरी पांढरा दुसरीकडेच खेळला असता, कारण जगलेल्या साखळीवर कोण वेळ घालवेल? म्हणून खडा ठेवल्यावर तो काय करतो हे पाहून भागत नाही. खडा नसता तर त्याने काय केलं असतं, ते पाहावं लागतं.

सरांची बाजू मी झाकून ठेवणार नाही, कारण ती बळकट आहे. परतीच्या गाडीआधी चहा घेताना ते म्हणाले, "अहो सर, तुमची कसोटी बरोबर आहे, पण ती लावायला समोरच्याची चांगली खेळी दिसावी लागते. तीच तर नवख्याला दिसत नाही. त्याला अपवाद सांगितला की तो प्रत्येक ढेकळाला अपवाद म्हणेल." हे खरं आहे. चांगल्या ठरणाऱ्या अशा ओबडधोबड खेळीला जपानीत 'गुझुमी' असा वेगळा शब्दच आहे, म्हणजे जाणत्यांना अपवाद ठाऊक आहेत. पण शब्द कळला म्हणून दृष्टी येत नाही. माझ्या नातवाने गुझुमी शब्द ऐकला तेव्हापासून त्याच्या डावात गुझुम्यांचं पीक आलं आहे, आणि त्यातली बहुतेक पिवळे पीतांबर निघतात.

म्हणून मी नियम काढून टाका म्हणत नाही, त्याची जागा ठरवा म्हणतो. पटावर काहीच दिसत नसेल, दोन खेळ्यांपैकी कोणती बरी ते समजत नसेल, तर त्रिकोण टाळा. तिथे नियम तुमच्यापेक्षा शहाणा आहे. पण तुमचं बोट जर 'क'वर जाऊन थांबलं असेल आणि तिथे न खेळल्यास काय मरतं हे तुम्हाला दिसत असेल, तर नियमाला घाबरून बोट उचलू नका. त्या मुलीला डोळा दिसला होता. तिने पाहिलेलं खरं मानलं नाही, पाठ केलेलं खरं मानलं. कमी दिसणं मी समजू शकतो, ते वयाने आणि सरावाने सुधारतं. पण दिसलेलं सोडून देण्याची सवय एकदा लागली की ती सुधारायला फार वर्षं जातात, आणि म्हणूनच मी या लहानशा आकारावरून इतका वाद घालतो.

सध्या आम्ही अशी तडजोड केली आहे. सर नियम सांगतात, पण सांगताना वरच्या दोन्ही आकृत्या पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी मांडतात, आणि मुलांना दोन्हीकडे तिसरा खडा उचलून पुढे खेळून बघायला लावतात. पाच मिनिटं जास्त लागतात. सरांच्या मते ती पाच मिनिटं पाठांतरात अधिक उपयोगी पडली असती. मला तसं वाटत नाही. तुमच्यापैकी कोणी मुलांना गो शिकवत असेल तर तुमचा अनुभव कसा आहे, ते वाचायला मला आवडेल. रोह्याच्या सरांनाही वाचून दाखवीन, माझ्या विरुद्ध असला तरी.

असो. आज इतकंच.